नाना, तुमचा ग्रंथ मी पान २३६ पर्यंतच वाचलाय

ति. नाना,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पुस्तक कसं शे?" आणि मी "भारी शे" म्हणून मोकळी झाले. तेवढ्यात प्रेसमधून हाक आली आणि फोन ठेवला. काल मामी म्हणाली की माझं सगळं वाचून झालं, असं तुम्ही घरात सांगितलंय आणि माझा अभिप्राय मलपृष्ठावर घ्यायचा विचार आहे. म्हणून लगेच लिहितेय.

तुमच्या खान्देशच्या इतिहासाची जी फाईल पाठवलीत, तिची ११६४ पानं आहेत. त्यातली पहिली २३६ मी वाचली. म्हणजे एक्केचाळीसपैकी आठ प्रकरणं पुरी आणि फारुकींच्या नवव्या प्रकरणात थाळनेरपर्यंत. अशीरगड अजून आलेला नाही. त्यापुढचं एकही पान वाचलेलं नाही. अनुक्रमणिका तेवढी डोळ्यांखालून घातली, त्यामुळे पुढे १९०६ ची पूर्व-पश्चिम खान्देश विभागणी, फैजपूरचं १९३६ चं अधिवेशन आणि १९४२ चं नंदुरबार आहे एवढं कळलं. पण मथळा वाचणं म्हणजे प्रकरण वाचणं नव्हे. "आजोबांवरचं प्रकरण नीट उतरलं का?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी "हं" म्हटलं. ते "हं" कृपया मागे घ्या. मी ते उघडलेलंच नाही. शोधून बघायचा प्रयत्न केला, पण पानं स्कॅन केलेली असल्यानं शब्द टाकून काही सापडत नाही.

जेवढं वाचलं त्यात पांझरेकाठच्या फड बागायतीचं प्रकरण मला फार आवडलं. पाटकरी पाणी फिरवतो आणि जागल्या पीक राखतो, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, हे तुम्ही बांधावर उभं राहून सांगितल्यासारखं लिहिलंय. त्यातल्या एका ओळीलाही हात लावू नका. मात्र नद्यांची यादी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या अशा तिन्ही प्रकरणांत तीच आलीय. एक ठेवा.

आता चूक. पान १४७ वर चाळीसगावजवळच्या पाटणच्या, चांगदेवाच्या मठाबद्दलच्या शिलालेखाचं साल तुम्ही "इ.स. ११२८" दिलंय. तो शके ११२८ आहे, म्हणजे इसवी सन १२०६-०७. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४, आणि तो तुम्ही पान १४५ वर बरोबर दिलाय. दोन्ही आकडे तसेच राहिले, तर चौदा वर्षांच्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव मठ उघडून त्यांचे ग्रंथ शिकवतोय असं होईल! चाळीसगावचा एखादा वाचक पहिल्याच दिवशी तुम्हाला फोन करेल. शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९. इतर ठिकाणचे शक मी वाचलेल्या भागात तपासलेत, ते बरोबर आहेत. पुढच्या भागाबद्दल काही म्हणता येणार नाही.

एक आक्षेप मात्र तात्पुरता धरा. आठव्या प्रकरणापर्यंत भिल्लांचा उल्लेख फक्त राजेलोकांच्या लढायांत येतो, त्यांचं स्वतःचं असं काही येत नाही. अनुक्रमणिकेत सतरावं प्रकरण त्यांच्यावर दिसतंय. तिथे ते आलं असेल तर माझं म्हणणं सोडून द्या. निम्मं न वाचता "राहून गेलंय" म्हणणं बरं नाही, आणि मी तर पाचवा हिस्साच वाचलाय.

उशीर का झाला, तेही सांगते. रात्री प्रेसवरून आल्यावर फोनवरच वाचते. पानं स्कॅन करताना तिरकी झालीत, बोटांनी मोठं करून एकेक ओळ सरकवावी लागते. रोज वीस पानं झाली तरी उरलेल्या ९२८ पानांना सत्तेचाळीस रात्री लागतील, आणि लग्नसराईच्या पत्रिका सुरू झाल्या की वीसही होणार नाहीत. तुम्हाला दिवाळीआधी छापायचंय. माझ्यासाठी थांबू नका. १९०६ नंतरचा भाग धुळ्याच्या तुमच्या जुन्या सहकाऱ्यांना द्या, ते त्या काळाचे जाणकार आहेत. मी अशीरगडापासून पुढे जाते आणि दर रविवारी कुठल्या पानापर्यंत आले ते कळवते.

मलपृष्ठावर माझं नाव घ्यायचंच असेल तर एवढंच छापा: "पहिली आठ प्रकरणं वाचली. फड बागायतीवरचं प्रकरण मी दोनदा वाचलं." "संपूर्ण ग्रंथ वाचून" हे शब्द नकोत. आणि मामीला तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर ती मला रागावेल.

पान १४७ ची दुरुस्ती लाल शाईत करून फोटो सोबत जोडलाय.

तुमची भाची,
जळगाव