कंटिन्युटी नोंदी : शूटिंगचा ९वा दिवस (सीन ३१, ३०, २८, २७ याच क्रमाने)

प्रत : दिग्दर्शन, कॅमेरा, आर्ट, ड्रेस, मेकअप, एडिट

कथेतला क्रम आधी डोक्यात पक्का करा, कारण आज सगळं उलटं शूट झालंय. सीन २६ कथा-दिवस २, रात्री ८:१० (२ऱ्या दिवशी शूट झाला). सीन २७ त्याच रात्री ८:४०. सीन २८ त्याच रात्री ११:१५. सीन ३० कथा-दिवस ३, सकाळी ७:३०. सीन ३१ त्याच सकाळी ९:००. पुढचा ३२ लगेच ९:१०ला सुरू होतो आणि तो ६व्या दिवशी खऱ्या सकाळी शूट झालेला आहे. ४१ कथा-दिवस ५, दुपार, ४थ्या दिवशी झाला. २९ बाकी आहे.

आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : डावा हात

४१मध्ये थोरलीच्या डाव्या तळहाताला पट्टी आहे. अंगठा मोकळा, गाठ हाताच्या पाठीवर, करंगळीच्या बाजूला. ते शूट झालंय, बदलता येणार नाही. आज २७च्या रिहर्सलला बाईंनी फुटलेल्या ग्लासच्या काचा उजव्या हाताने उचलल्या, कारण त्या उजव्या हाताच्या आहेत आणि घाईत माणूस आपला हातच पुढे करतो. "डाव्याने उचला" म्हटल्यावर त्यांनी उचलल्याही, पण दोनदा हात अडखळला आणि ते अडखळणं पडद्यावर दिसलं असतं. शेवटी दिग्दर्शकांनी मार्ग काढला : "थांब, उजेड दाखवते" या वाक्याला ती मेणबत्तीचा स्टँड उजव्या हातात घेते आणि सीन संपेपर्यंत सोडत नाही. मग काचेसाठी डावा हातच उरतो.

म्हणून २७/३पासून पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये स्टँड उजव्या हातात हवा. २७/५ टेक १मध्ये तो मधेच टेबलावर ठेवला गेला. अभिनय उत्तम आहे, पण घेऊ नये. एडिटला विनंती, मोह आवरा.

जखम : डावा तळहात, अंगठ्याच्या उंचवट्याखाली, तिरकी, साधारण ३ सेंमी. मेकअपकडे फोटो आहे, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला.

सीन २७, आतली खोली, रात्र, ८:४० ते ८:४६

थोरली : राखाडी स्वेटर, त्याखाली पांढरा शर्ट, कॉलर आत. दोन्ही बाह्या दोन-दोन घड्या वर (२६मध्येही तसंच). डाव्या मनगटावर घड्याळ, डायल आतल्या बाजूला. केसांचा सैल अंबाडा, डाव्या कानामागून एक बट सुटलेली. ही बट २६च्या शेवटच्या शॉटमध्ये धाकटीशी झटापट होताना सुटते, त्यामुळे ती मुद्दाम सोडलेली आहे. मेकअपने ती नीट बसवू नये.

धाकटी : निळा शर्ट, वरचं एक बटण उघडं, मधलं एक बटण तुटलेलं (२६मध्ये तुटलंय, दोरा लोंबतोय). अनवाणी. आज दोन टेकच्या मधल्या वेळात तिने चपला घातल्या आणि २७/४ टेक १ला त्या पायात राहिल्या. कंबरेच्या वरचा शॉट आहे म्हणून वाचलो, पण चालण्याचा आवाज वेगळा येतो. साउंडला सांगितलंय.

मेणबत्ती : २६च्या शेवटी स्टँडच्या वर ९.५ सेंमी होती. आपल्याकडच्या तासाला अडीच सेंमीच्या आसपास जळतात, मी पॅकिंगच्या दिवशी घड्याळ लावून मोजलंय. अर्ध्या तासात सव्वा सेंमी, म्हणून २७साठी ८ सेंमी. खरा सीन सहा मिनिटांचा, पण आपण पावणेतीन तास जाळत बसलो. त्यामुळे आर्टने पाच मेणबत्त्या आधीच ८ सेंमीला कापून, थोड्या जाळून, वात काळी करून ठेवल्या होत्या. प्रत्येक सेटअपला नवी. ओघळ एकच, खोलीच्या दाराच्या बाजूला, स्टँडच्या कडेपर्यंत. दुसऱ्या मेणबत्तीचा ओघळ खिडकीच्या बाजूला आला, तेव्हा स्टँड अर्धा फिरवून घेतला. २८साठी २ सेंमीची वेगळी ठेवली होती, ती वापरून झाली.

ग्लास : भिंतीकडच्या कोपऱ्यात, जगच्या उजवीकडे, तीन बोटं कमी भरलेला. "तुला कोणी विचारलं" संपल्यावर धाकटी एक घोट घेते, त्यानंतर पाणी चार बोटं कमी. आधी नाही. टेक ३मध्ये तिने वाक्याच्या मधेच घोट घेतला, म्हणजे जुळणी फसते. पडणाऱ्या ग्लासचे नकली नग पाच होते, तीन फुटले, दोन शिल्लक. वाइडमध्ये ठेवलेला खरा ग्लास वेगळा, त्याच्या तळाला खडूची खूण आहे, चुकून कोणी फेकू नका.

भिंतीवरचं घड्याळ : सेल काढलेला, काटे हाताने. मास्टर ८:४०, ग्लास पडताना ८:४४, शेवट ८:४६. २७/६ क्लोजमध्ये मागे घड्याळ आउट ऑफ फोकस आहे, तरी मिनिटकाटा कुठल्या दिशेला आहे ते कळतं. तिथे टेक १ला काटा ८:४०वरच राहिला (चूक माझी, मी फिरवायला विसरले). टेक २ आणि ४ बरोबर आहेत.

मनगटावरच्या घड्याळातही तेच टाइम लावले आहेत. "कोण बघणार" असं सेटवर कोणीतरी म्हणालं. क्लोजमध्ये दिसतंय, मी बघितलंय.

ॲक्सिस : कॅमेरा सगळीकडे खिडकीच्या बाजूला. थोरली फ्रेमच्या उजवीकडे पाहते, धाकटी डावीकडे. फक्त २७/७ दुसऱ्या बाजूला गेलाय, पण तो धाकटी टेबलाला वळसा घालताना कॅमेऱ्यासमोरून जाते त्या शॉटनंतर लागणार. मधे न जोडता एकदम कट केला तर दोघी एकाच दिशेला बघतायत असं वाटेल.

ओके टेक : २७/१ टेक ४, २७/२ टेक २, २७/३ टेक ५ (होल्ड टेक ३), २७/४ टेक २, २७/५ टेक ३, २७/६ टेक ४ (होल्ड टेक २), २७/७ टेक १, २७/८ इन्सर्ट टेक २.

सीन २८, तीच खोली, रात्री ११:१५ (२७च्या आधी शूट झाला)

ग्लास फुटल्यावर फरशी ओली आणि सेट विस्कटलेला होणार होता, म्हणून पट्टी आधी आणि जखम नंतर. याची किंमत अशी की स्वेटरवरचा रक्ताचा डाग २८मध्ये आधीच पक्का झाला आणि २७मध्ये रक्ताला तिथेच पडावं लागलं. डाग : डाव्या बाहीच्या दुमडलेल्या कडेवर, करंगळीच्या बाजूला, अंगठ्याच्या नखाएवढा, खाली दोन थेंब. ड्रेसदादांकडे स्वेटर दोन आहेत. "स्वच्छ" चिठ्ठीचा २७च्या सुरुवातीला, "डाग" चिठ्ठीचा २८, ३० आणि ३१ला. २७/८ इन्सर्टमध्ये थेंब ड्रॉपरने टाकले, पहिला टेक डाग मोठा झाला म्हणून रद्द. रंग अजून ओला असल्यामुळे तो जास्त लाल दिसतो, २८मध्ये तपकिरी. ते बरोबरच आहे, अडीच तास गेले आहेत.

मनगटी घड्याळ टेबलावर, जगच्या पुढे, ११:१५ दाखवतंय, पट्टा उघडा. यानंतर ३०, ३१, ४१ कुठेच मनगटावर घड्याळ नाही.

पट्टी ४१पेक्षा जाड, पूर्ण तळहात झाकणारी. अंगठा मोकळा, गाठ त्याच जागी. बट अजून सुटलेलीच, पण आता कानामागे सारलेली.

काचा उचलून झालेल्या आहेत. फक्त एक तुकडा टेबलाच्या पायाजवळ ठेवला आहे, २९मध्ये तो धाकटीच्या पायाखाली येतो. २९ला आर्टने हा विसरू नये.

सीन ३१ आणि ३०, अंगण, सकाळ (दुपारी ३:०० ते ५:४० शूट)

दुपारची सकाळ करायची होती. दोन अडचणी.

पहिली : सकाळी सावली वेळ जाईल तशी आखूड होते, दुपारी लांब. म्हणून ९:००चा ३१ आधी, ३ वाजता घेतला आणि ७:३०चा ३० नंतर, पावणेपाचपासून. ३०चा वाइड ५:०५ला झाला, सावली चांगली लांब आहे. त्यानंतरचे क्लोज डिफ्यूजनखाली घेतले आहेत.

दुसरी : ३२मध्ये कॅमेरा उत्तरेला, दाराकडे तोंड करून होता. खऱ्या सकाळचं ऊन उजवीकडून येतं आणि खांबाची सावली फ्रेममध्ये उजवीकडून डावीकडे पडते. आज दुपारी तोच अँगल ठेवला असता तर सावली उलटी पडली असती. म्हणून डीओपींनी कॅमेरा दक्षिणेला, कुंपणाच्या भिंतीकडे फिरवला. आता पश्चिम उजवीकडे येते आणि सावली पुन्हा उजवीकडून डावीकडे. दार वाइडमध्ये कुठेच नाही, फक्त ३१/४ क्लोजमागे पुसट आहे. तो पूर्ण डिफ्यूजनखाली आहे, चालेल.

दोरी : कुंपणाकडून घराकडे चादर, पांढरा शर्ट, राखाडी स्वेटर (डाग असलेला, उलटा, डावी बाही फाटकाकडे), टॉवेल. ३०मध्ये सगळं ओलं, चादरीतून पाणी ठिबकतं. ३१मध्ये चादर काढलेली, बाकी अर्धवट वाळलेलं. ३१ आधी झाल्यामुळे हे सोपं गेलं : कोरडं घेतलं, मग पाणी मारलं. डाग धुऊन पुसट झालेला हवा, पण ३०मध्ये ओल्या कापडावर तो जास्त गडद दिसतो. ग्रेडिंगला नोंद.

थोरली : फिका पिवळा शर्ट, बाह्या सुट्या, केस मोकळे आणि ओले (३०), विंचरून वेणी (३१). पट्टी रात्रीचीच, करंगळीकडची कडा मळलेली. ३१मध्ये ती बादली उजव्या हातात घेते, डाव्यात नाही. टेक १ला चुकलं, टेक २ ठीक.

ओके टेक : ३०/१ टेक ३, ३०/२ टेक २, ३०/३ टेक २, ३१/१ टेक १, ३१/२ टेक ४, ३१/३ टेक २, ३१/४ टेक २.

उद्यासाठी उरलेलं

२७चा एक इन्सर्ट बाकी : जमिनीवर काचा, डावा हात फ्रेममध्ये येतो. बाई उद्या दुपारनंतर नाहीत, तेव्हा दुसऱ्या कोणाचा हात लागेल. नखं आखूड, नेलपॉलिश नाही. स्वेटर "स्वच्छ"च घालायचा, "डाग" नाही, कारण इन्सर्ट कापण्याच्या क्षणाआधीचा आहे. बाही दोन घड्या. घड्याळाचं डायल आत, ८:४४. कॅमेरा आजच्याच ३२०० केल्विनवर. मेणबत्तीचा उजेड फ्रेमच्या उजवीकडून, म्हणजे तिच्या उजव्या हातातून यायला हवा. शिल्लक नकली ग्लासांपैकी एक यासाठी फोडायचा, दुसरा राखून ठेवायचा.

फोटो सगळ्या खात्यांना पाठवले आहेत, सीन आणि शॉट नंबरने. ड्रेसच्या फोटोंमध्ये २८/२ नाही. तेव्हा माझी बॅटरी संपली होती. मॉनिटरवरची फ्रेम डीआयटीकडून घेऊन उद्या सकाळी ८ वाजता देते.