वडिलांच्या निधनानंतर सहकारी शिक्षिकेस सांत्वनपत्र

कराड
दि. १२ डिसेंबर २०२४

सुनीता मॅडम,

सोमवारी पहाटे अण्णा गेल्याचं कळलं. फोनवर तुम्हाला नीट बोलता येत नव्हतं आणि मलाही काही सुचत नव्हतं, म्हणून हे पत्र. उत्तराची घाई करू नका. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

गेले दोन महिने दवाखाना, शाळा आणि आईंची काळजी असं सगळं तुम्ही एकटीनं ओढलंत. त्यांचं दुखणं किती वाढलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी माणूस जाणार हे माहीत असणं वेगळं आणि गेल्यावरचं घर वेगळं. 'त्या दिवशी आधी नेलं असतं तर' असं तुमच्या मनात येत असेल. डॉक्टरांनी सांगितलेली एकही गोष्ट तुमच्याकडून राहिली नव्हती, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

अण्णांना आम्ही फाटकातलेच ओळखायचो. तुमचा डबा राहिला की ते स्कूटरवरून यायचे, पण आत कधी आले नाहीत. स्कूटर वळवून तिचं तोंड रस्त्याकडे करूनच लावायचे, मग शिपाईमामांच्या हातात डबा द्यायचे. एसटीत इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाची सवय ती. सहलीच्या बसचे टायर एकदा त्यांनी वाकून बघितले होते आणि मगच मुलांना चढू दिलं होतं. शिपाईमामा परवा हेच सगळ्यांना सांगत होते.

शाळेची चिंता करू नका. दहावी अ चं 'संभाव्यता' अर्धं राहिलं होतं, ते देशमुख सरांनी घेतलंय. नववीचे तास मी आणि कुलकर्णी मॅडम वाटून घेतोय. सराव परीक्षेचा बीजगणिताचा ४० गुणांचा पेपर तुम्ही काढून ठेवलेलाच आहे, भूमितीचा सर काढतील. तुमच्या कपाटाची किल्ली ऑफिसात आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय कोणी उघडणार नाही. रजेचं मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. अर्ज तुम्ही आल्यावर द्या, कोणती रजा टाकायची ते क्लार्क बघतील.

आता थोडं कागदांचं. या दिवसांत ते लिहायचं जीवावर येतं, पण नंतर धावपळ होते म्हणून लिहिते. तुम्ही नाही तर दादांनी हे वाचलं तरी पुरे.

अण्णा दवाखान्यात गेले, त्यामुळे मृत्यूची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत नाही, कराड नगरपरिषदेत होईल. दवाखाना कळवतो, तरी २१ दिवसांच्या आत नोंद झाली आहे ना ते दादांनी एकदा विचारून घ्यावं. दवाखान्याच्या फॉर्मवरचं नाव आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, एवढं मात्र आत्ताच बघा. मागाहून दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे लागतात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा. बँक, विमा, पेन्शन, सातबाऱ्यावरची वारस नोंद, प्रत्येक ठिकाणी एक जाते.

पेन्शनच्या बँकेला लवकर कळवा. पुढच्या महिन्याची रक्कम खात्यात आली तर एटीएममधून काढू नका, ती परत करावी लागते आणि त्यापायी आईंचं काम अडतं. अण्णांच्या पेन्शनची जुनी कागदपत्रं सापडली की एका पिशवीत ठेवा. त्यात आईंचं नाव आणि जन्मतारीख काय आहे ते बघा, आधारवर वेगळं असेल तर आधी ते सरळ करावं लागेल. हे सगळं दहाव्यानंतरच. त्यातलं बँकेचं काम मी तुमच्याबरोबर येऊन करीन, एकट्या जाऊ नका.

आईंना भेटायला आम्ही रविवारी येतोय, चौघीच. दुपारी तीनच्या पुढे येऊ, म्हणजे त्यांना पडायला मिळेल. चहा-पाण्याचं काही करू नका. घरात माणसांची ये-जा असेल, म्हणून चहापूड, साखर आणि थोडा शिधा आम्हीच आणतो. आईंना बोलायचं नसेल तर नुसत्या बसू. बुधवारी दहाव्याला सर आणि शिपाईमामा घाटावर येतील.

तुम्हीही वेळेवर दोन घास खा. आईंचं सगळं बघताना स्वतःच्या बीपीच्या गोळ्या चुकवू नका, तुमच्या ड्रॉवरमधली पट्टी मी रविवारी घेऊन येते.

अण्णांच्या आत्म्यास शांती लाभो. तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत.

तुमची,
मंदाकिनी
(आणि शिक्षकखोलीतले सगळे)