विषय: 'थेंब मोजताना' ही कादंबरी – आमचा निर्णय आणि सविस्तर अभिप्राय

नमस्कार मॅडम,

'थेंब मोजताना' आम्ही सध्या छापायला घेत नाही आहोत. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. पण "आमच्या प्रकाशन योजनेत बसत नाही" एवढंच लिहून हस्तलिखित परत पाठवणं मला पटेना, कारण तुमच्या ३१ प्रकरणांतली सहा-सात प्रकरणं इतकी चांगली आहेत की ती लिहिणाऱ्या बाईंनी लिहिणं सोडलं तर मला खरंच वाईट वाटेल. आणि का नाकारलं हेच कळलं नाही तर पहिल्यांदा लिहिणारं माणूस सगळंच टाकाऊ समजून बसतं.

आधी जे जमलंय ते. नववं प्रकरण मी दोनदा वाचलं. रात्रीची ड्युटी, सुनंदा सलाईन लावतेय, ५०० मिलीची बाटली आठ तास चालवायची म्हणून घड्याळाकडे बघत मिनिटाला २१ थेंब पडतात का ते मोजतेय, आणि शेजारी पेशंटचा मुलगा तिच्यावर ओरडतोय की डॉक्टर कुठे आहेत. ती त्याला उत्तर देत नाही. तिची मोजणी चुकत नाही. मोजून झाल्यावर मग ती त्याला म्हणते, "तुम्ही जेवलात का?" बस, एवढंच. ती दमलीय, तिला राग आलाय, तिला कामात काय येतं, तिला त्या मुलाची दया येतेय, हे सगळं तुम्ही एकही विशेषण न वापरता सांगितलंत. हे शिकवून येत नाही हो. हँडओव्हरचं चौदावं प्रकरण आणि पेशंट गेल्यावर त्याच्या कवळीचं काय करायचं म्हणून दोन सिस्टर दारात उभ्या राहतात ते सतरावं प्रकरण, हीसुद्धा त्याच ताकदीची.

आता अडचण. कादंबरी खऱ्या अर्थाने सुरू होते आठव्या प्रकरणात, आणि तोपर्यंत वाचकाची जवळजवळ ८० पानं गेलेली असतात. पहिल्या सात प्रकरणांत सुनंदाचं लहानपण, वडिलांची नोकरी, भावाचं शिक्षण, तिला नर्सिंगलाच का जावं लागलं, हे सगळं क्रमाने येतं, आणि येतं ते निवेदकाच्या तोंडून, म्हणजे "सुनंदा लहानपणापासूनच सोशिक होती" अशा वाक्यांतून. आम्हाला ती सोशिक आहे हे नवव्या प्रकरणात दिसतंच की! आधी सांगून ठेवल्यामुळे उलट त्या प्रसंगाची धार कमी होते. ही सात प्रकरणं तुम्हाला लिहिताना लागली असणार, तिची ओळख व्हायला, ते मी समजू शकते, पण वाचकाला ती लागत नाहीत. त्यातला वडिलांनी फी भरायला सायकल विकली तो प्रसंग तेवढा जपा, तो पुढे कुठेतरी दोन परिच्छेदांत आला तरी चालेल.

दुसरी गोष्ट भावाची. वीसपासून सव्वीसपर्यंतची प्रकरणं त्याच्या कर्जाची आहेत आणि तिथे सुनंदा जवळजवळ गायबच होते, हॉस्पिटल सुटतं, संवाद टीव्ही सीरियलसारखे होतात. एक बारीक उदाहरण देते, दोष काढायचा म्हणून नाही, मला ते महत्त्वाचं वाटलं म्हणून. बाविसाव्या प्रकरणात ती मिनिटाला ४० थेंबांनी तीच ५०० मिलीची बाटली लावते आणि ती 'सकाळपर्यंत', म्हणजे आठ तास चालते. सेट तोच, एक मिलीला २० थेंबांचा, असेल तर ती साधारण चार तासांत संपायला हवी. नऊमध्ये तुमचा हिशेब चोख आहे, मग इथे का चुकला? माझा अंदाज असा की इथे तुमचं लक्षच वॉर्डात नव्हतं, कथानक पुढे ढकलायची घाई होती. जिथे जिथे सुनंदाचे हात काम करताना दिसतात तिथे तुमचं लिखाण जिवंत आहे, आणि जिथे ते दिसत नाहीत तिथे ते कुणाचंही असू शकतं. सगळं वाचून माझ्या मनात राहिलं ते हेच.

एकाच प्रसंगात नजर बदलण्याबद्दलही सांगायला हवं. अकराव्यात आपण सुनंदाच्या मनात असतो, मधेच एका वाक्यापुरते मेट्रनच्या मनात जातो आणि परत येतो. मेट्रनला काय वाटलं हे सुनंदाला तिच्या चेहऱ्यावरून, पेन आपटण्यावरून कळू दे, तेवढं पुरतं.

लांबीचं गणित पण स्पष्ट सांगते, कारण निर्णयात त्याचाही वाटा आहे. ९२,००० शब्द म्हणजे आमच्या मांडणीत साधारण ३४० पानं, १६ पानांचा एक फॉर्म धरला तर २१-२२ फॉर्म. नव्या लेखिकेचं एवढं जाड पुस्तक काढलं की किंमत चढते आणि अनोळखी नावावर वाचक तेवढे पैसे टाकायला कचरतो. पण नीट बघितलंत तर भावाचा भाग आणि सुरुवातीची प्रकरणं काढल्यावर जे उरतं ते ५०-५५ हजार शब्दांच्या आसपास असेल, आणि ते जास्त घट्ट पुस्तक असेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

मी तुमच्या जागी असते तर सगळं एकदम दुरुस्त करायला बसले नसते. आधी नववं आणि सतरावं प्रकरण कथा म्हणून वेगळी काढून एखाद्या चांगल्या मासिकाकडे पाठवली असती. दोन्ही स्वतंत्रपणे उभी राहतात, सतराव्याचा फक्त शेवटचा परिच्छेद गाळा, तिथे तुम्ही मृत्यूबद्दल बोलायला लागता आणि त्याची गरज नाही, कवळीने ते काम केलेलं आहे. मग कादंबरीकडे वळताना नववं हेच पहिलं प्रकरण करून बघा.

हस्तलिखितावर तुमचाच पूर्ण हक्क आहे, आमच्या उत्तराची वाट न बघता ते दुसरीकडे जरूर पाठवा, प्रत्येक संपादकाची आवड वेगळी असते आणि माझं मत अंतिम नाही. फक्त कुणी तुमच्याकडूनच छपाईचे पैसे मागितले तर किती प्रती, विक्री कोण करणार आणि हक्क कुणाकडे राहणार हे लेखी घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

पुन्हा लिहिलेला मसुदा आम्हाला पाठवावासा वाटला तर मला वाचायला आवडेल. स्वीकारूच असं वचन देत नाही, पण तो मी स्वतः वाचेन, ढिगाऱ्यात जाणार नाही. सगळी कादंबरी व्हायची वाट बघू नका, नव्या रचनेतली पहिली तीन प्रकरणं आणि पुढच्या कथानकाचं एक पान एवढं पाठवलंत तरी पुरे. त्यावर बोलू, फोनवर बोललो तरी चालेल.

पेन्सिलीने खुणा केलेली प्रत स्कॅन करून सोबत जोडलीय. समासात बरोबरची खूण आहे तिथे काहीही बदलू नका. नवीन फाइल यूनिकोडमध्येच पाठवा, मागच्या वेळी फॉन्टमुळे जोडाक्षरं तुटली होती आणि सत्ताविसाव्या प्रकरणातल्या काही ओळी मला नीट लागल्या नाहीत.

आपली,
संपादक, कथा-कादंबरी विभाग