गळीत हंगाम २०२४-२५ : अपघात व थोडक्यात टळलेल्या घटनांचा कल
प्रति : मा. कार्यकारी संचालक (मार्फत चीफ इंजिनिअर)
प्रत : शेती अधिकारी, चीफ केमिस्ट, गोदाम विभाग
दिनांक : १० एप्रिल २०२५

१५ नोव्हेंबर ते २० मार्च या १२६ दिवसांत विभागांकडून १०४ घटना-अहवाल आले. सहा घटना सुरक्षा रक्षक आणि यार्ड सुपरवायझर या दोघांनीही लिहिल्या होत्या. ती दुबार नोंद काढल्यावर ९८ घटना उरतात. त्यांतल्या ४१ मध्ये कुणालाही इजा नाही, ४६ मध्ये प्रथमोपचारावर भागलं, आणि ११ मध्ये कामगार ४८ तासांहून जास्त गैरहजर राहिला. या अकराही घटना कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ प्रमाणे कळवल्या आहेत.

| विभाग | नोव्हें. | डिसें. | जाने. | फेब्रु. | मार्च | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| केन यार्ड व काटा | ३ | ७ | १३ | ८ | ३ | ३४ |
| गव्हाण व मिल | ४ | ३ | ४ | ३ | ३ | १७ |
| बॉयलिंग हाऊस | ३ | ३ | ३ | ३ | ३ | १५ |
| साखर गोदाम | १ | २ | ३ | ४ | ३ | १३ |
| बगॅस यार्ड | ० | १ | २ | ३ | २ | ८ |
| वर्कशॉप व इतर | ३ | ३ | २ | १ | २ | ११ |
| एकूण | १४ | १९ | २७ | २२ | १६ | ९८ |

जानेवारी सर्वांत वाईट, असं तक्ता सांगतो. पण नोव्हेंबरात कारखाना १६ दिवसच चालला. दिवसामागे पाहिलं तर दोन्ही महिने सारखेच, ०.८७ च्या आसपास. कारणं मात्र वेगळी आहेत. नोव्हेंबरच्या १४ पैकी ८ घटनांत हंगामी कामगार होते आणि आठही जण कामावर येऊन पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. जानेवारीतली वाढ मुख्यतः यार्डातली.

यार्डाच्या ३४ अहवालांपैकी २९ मध्ये कारणाच्या रकान्यात 'चालकाचा निष्काळजीपणा' एवढंच लिहिलं आहे. ते वाचून काहीच कळेना, म्हणून मिल बंदच्या रजिस्टरशी तारखा आणि वेळा ताडून पाहिल्या. ३४ पैकी २२ घटना रात्री ८ ते पहाटे ४ या पाळीतल्या. त्या २२ पैकी १४ घटना मिल दोन तासांहून जास्त बंद राहून पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या तीन तासांत घडल्या. मिल थांबली की वाहनं तुंबतात, सुरू झाली की नंबर मोडून प्रत्येकजण गव्हाणीकडे सरकतो. जानेवारीतल्या एका रात्री रिकामी ट्रॉली मागे घेताना बैलगाडीवर गेली. एक बैल जायबंदी झाला, गाडीवानाचा पाय मोडला. त्या कोपऱ्यातला दिवा आठवडाभर बंद होता. अहवालात मात्र 'चालकाचा निष्काळजीपणा'.

इजा न झालेल्या चार घटनांची मला सर्वांत जास्त धास्ती आहे. चारही वेळा तोडणी टोळीतला माणूस ट्रॉलीखाली किंवा चाकाला टेकून झोपला होता आणि शेजारच्या गाडीवाल्याने ओरडल्यामुळे वाचला. आकडा लहान म्हणून हे मागे टाकू नये. थंडीत रात्रभर नंबर लागत नसेल तर माणूस कुठेतरी आडवा होणारच.

बॉयलिंग हाऊसमध्ये दर महिन्याला बरोबर तीन घटना. चढ नाही, उतार नाही, म्हणजे चूक कामाच्या पद्धतीतच आहे. १५ पैकी ९ वेळा ज्यूस हीटर किंवा इव्हॅपोरेटरची साफसफाई चालू असताना वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद नव्हता किंवा दुसऱ्या पाळीने तो उघडला. त्यांतले तिघे भाजून ४८ तासांहून जास्त घरी राहिले.

बगॅस यार्डात आठपैकी पाच ठिणग्या वेल्डिंग-कटिंगच्या, तीन बेल्टचा रोलर जाम होऊन तापल्याच्या. गोदामातल्या घटना साठा वाढेल तशा वाढल्या. बहुतेक वेळा थप्पी उंच गेल्यावर पोती घसरली. मिलबद्दल नवीन सांगण्यासारखं काही नाही.

वर्कशॉपचा आकडा कमी दिसतो, त्यावर विसंबू नये. फेब्रुवारीत तिथून एकच अहवाल आला, पण प्रथमोपचार खोलीच्या वहीत त्याच महिन्यात वर्कशॉपच्या चार मलमपट्ट्या आहेत.

ऑफ सीझनमध्ये कशावर भर द्यावा :

पहिलं काम यार्डाचं. मिल दोन तासांहून जास्त थांबली की चीफ इंजिनिअर विभागाने यार्डाला कळवावं. सुरू होताना नंबर पुकारायला दोन जादा माणसं आणि बैलगाड्यांसाठी वेगळी रांग ठेवावी. टोळ्यांना झोपायला दिवा असलेली, वाहनांपासून आडोसा घातलेली जागा द्यावी. शेती विभागाच्या मदतीशिवाय हे होणार नाही.

दुसरं, साफसफाईच्या वेळी वाफेच्या व्हॉल्व्हला कुलूप, आणि किल्ली आत काम करणाऱ्याच्याच खिशात. खर्च नगण्य आहे. ओव्हरहॉलिंगमध्येच कुलपाची सोय करून घेता येईल.

तिसरं, हंगामी कामगाराला पहिले पंधरा दिवस जुन्या माणसाच्या जोडीनेच काम. बगॅसजवळ वेल्डिंग करायचं तर लेखी परवाना आणि शेजारी पाण्याची होज.

फलक आणि घोषवाक्यांसाठी यंदा वेगळी तरतूद मागत नाही, तो पैसा यार्डाच्या दिव्यांना द्यावा. अहवालाच्या फॉर्ममधून 'निष्काळजीपणा' हा पर्याय काढून त्याऐवजी मिल चालू होती का, उजेड होता का, कामगार किती दिवसांचा, हे तीन रकाने घालत आहे. नवा फॉर्म १ मेपासून ओव्हरहॉलिंगच्या कामांनाही लागू राहील.

सुरक्षा अधिकारी