विमानप्रवासात मोडून परत मिळालेल्या व्हीलचेअरबद्दल तक्रार

दिनांक : 14 फेब्रुवारी 2026

प्रति,
विभागप्रमुख, प्रवासी तक्रार निवारण,
विमान कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय : 11 फेब्रुवारी 2026 च्या आंतरराष्ट्रीय प्रवासात माझ्या वडिलांच्या व्हीलचेअरचे झालेले नुकसान, तातडीची पर्यायी सोय आणि भरपाई याबाबत

संदर्भ : उतरल्यावर विमानतळावरच नोंदवलेला नुकसानीचा अहवाल (प्रत जोडली आहे)

महोदय / महोदया,

माझ्या वडिलांचे वय 79 आहे. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली आहे. 11 तारखेला मी त्यांच्यासोबत आपल्या विमानाने प्रवास केला. विमानाच्या दारापर्यंत ते स्वतःच्या व्हीलचेअरवर आले. तिथे आपल्या कर्मचाऱ्याने ती ताब्यात घेतली आणि टॅग लावला. विमानाच्या दारातच परत द्यायची, असे त्या टॅगवर स्पष्ट लिहिले होते. उतरल्यावर दारात खुर्ची आली नाही. इतर सर्व प्रवासी निघून गेल्यावर वडिलांना विमानतळाच्या खुर्चीवर बसवून खाली नेले. त्यांची खुर्ची सुटकेसांबरोबर बेल्टवर आडवी पडलेली सापडली.

नुकसान असे आहे. डावे मोठे चाक वाकले असून फिरताना फ्रेमला घासते. बैठकीखालच्या फुलीच्या आकाराच्या दांड्यांपैकी एकीला जोडाजवळ तडा गेला आहे. उजवा पायटा अडकवायच्या खाचेसकट तुटला आहे आणि तो आम्हाला मिळालेलाच नाही. उजव्या ब्रेकचा लांब दांडाही मोडला आहे.

आपल्या काउंटरवर हे सगळे "चाक वाकले, किरकोळ तुटफूट" एवढ्यात उरकण्यात आले. म्हणून ही खुर्ची कशी चालते ते मला सविस्तर सांगणे भाग आहे. वडील फक्त डाव्या हाताने आणि डाव्या पायाने खुर्ची चालवतात. हाताने चाकाची कडी ढकलायची आणि टाच जमिनीला टेकवून दिशा सांभाळायची, हे त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे चिकाटीने शिकून घेतले. टाच टेकावी म्हणून बैठक नेहमीपेक्षा खाली बसवून घेतली आहे. उजव्या ब्रेकला लांब दांडा आहे, कारण तो त्यांना डावा हात आडवा नेऊन ओढावा लागतो. उजवा पायटा त्यांच्या लुळ्या पायाला आधार देतो. तो नसेल तर पाय खाली लोंबतो, पुढच्या चाकात अडकतो आणि त्यांना ते कळतही नाही, कारण त्या पायाला संवेदना फार कमी आहे. आता एक ब्रेक लागत नाही, त्यामुळे पलंगावरून खुर्चीत येताना ती सरकते. अशा खुर्चीत त्यांना बसवणे म्हणजे पडण्याची वाट पाहणे आहे.

काउंटरवर देऊ केलेली खुर्ची दुसऱ्याने ढकलायची होती. बैठक उंच, मागची चाके लहान, हाताने ढकलायची कडी नाही. ती आम्ही नाकारली, असे अहवालात लिहिले आहे. नाकारण्याचे कारण मी तेव्हाच सांगितले होते. ते मात्र लिहिलेले नाही.

प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत माझे वडील कोणालाही हाक न मारता न्हाणीघरात जात होते. आता पाणी हवे असले तरी त्यांना कोणाला तरी बोलवावे लागते. ते पाणी कमी पिऊ लागले आहेत, म्हणजे वारंवार उठावे लागणार नाही. हे मला त्यांनी सांगितले नाही, माझ्या लक्षात आले. सुटकेस फुटली तर माणूस कपडे दुसऱ्या पिशवीत भरून घरी जातो आणि त्याचा दिनक्रम चालू राहतो. इथे एका वृद्ध माणसाचा सगळा दिनक्रम थांबला आहे, आणि तरीही आपल्या अर्जात या खुर्चीसाठी सुटकेसचाच रकाना आहे.

अहवालात आपल्या कर्मचाऱ्याने "जुन्या वापरामुळे झालेली झीज" असा शेरा मारला आहे. तो मला मान्य नाही आणि सही करताना मी तसे शेजारी लिहिले आहे. खुर्ची ताब्यात देण्याआधी विमानाच्या दाराजवळ मी तिचे चारही बाजूंनी फोटो काढले होते. त्यांत चाक सरळ आहे, पायटा आणि ब्रेकचा दांडा जागेवर आहेत. तड्याच्या आतला धातू चकचकीत आहे, मळ किंवा काळपटपणा नाही. वापराने झीज होते ती टायरची, बेअरिंगची, कापडाची. झिजून पायटा खाचेसकट उपटून निघत नाही. खुर्ची उभी, बांधून ठेवायला हवी होती. ती आडवी टाकून तिच्यावर वजन ठेवले गेले असावे, असे चाकाचा बाक पाहून वाटते. नक्की काय झाले ते आपल्याच नोंदींवरून कळू शकेल.

आमचा प्रवास 1999 च्या मॉन्ट्रियल करारात मोडतो. त्याच्या कलम 17 नुसार नोंदणीकृत सामान कंपनीच्या ताब्यात असताना झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार असते. कलम 31 नुसार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. हे पत्र त्या मुदतीत आहे. 28 डिसेंबर 2024 पासून सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा प्रतिप्रवासी 1,519 एसडीआर आहे, याची मला कल्पना आहे. मात्र ती कायद्याने ठरवलेली वरची रेषा आहे. चालणेच ज्या साधनावर अवलंबून आहे त्याचे पूर्ण नुकसान भरून देण्यास कंपनीला कोणी अडवलेले नाही, आणि ते आपण द्यावे अशी माझी मागणी आहे.

सर्वांत निकडीचे म्हणजे वडिलांना वापरता येईल अशी खुर्ची दोन दिवसांत घरी पोहोचवा : खालची बैठक, हाताने चालवायची मोठी चाके, पायटा आणि एका हाताने लागतील असे ब्रेक. ते शक्य नसेल तर आम्ही भाड्याने घेऊ आणि पावती आपल्याला पाठवू. मूळ खुर्चीची तपासणी तिचे मोजमाप घेणाऱ्या तज्ज्ञाकडूनच व्हावी. सामान दुरुस्त करणाऱ्या आपल्या ठेकेदाराला मी ती देणार नाही. फ्रेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीची ताकद घटते, त्यामुळे तडा सांधून दिलेली फ्रेम मी स्वीकारणार नाही. भाग बदलता येत नसतील तर त्याच मोजमापाची नवी खुर्ची द्यावी. तपासणी, भाडे आणि या काळातील वाहतुकीचा खर्च कंपनीने सोसावा.

टॅगवर दाराची सूचना असताना खुर्ची बेल्टवर कोणाच्या सांगण्यावरून गेली, याचे लेखी उत्तरही मला हवे आहे. ती दारात आली असती तर वडिलांना तासभर परक्या खुर्चीत, त्यांच्या खास गादीशिवाय बसावे लागले नसते. पाठीच्या खालच्या भागाची त्वचा त्या रात्री लाल झाली होती. डॉक्टरांची नोंद जोडली आहे.

आपले उत्तर 21 फेब्रुवारीपर्यंत लेखी यावे. न आल्यास मी विमान वाहतूक नियामकाकडे आणि ग्राहक आयोगाकडे जाईन. पत्रव्यवहार माझ्याशी करावा. माझा पत्ता आणि फोन अहवालावर आहेत. वडील स्वतःही बोलू इच्छितात. त्यांचे बोलणे सावकाश असते, तेव्हा फोन करणाऱ्याने घाई करू नये.

आपली,
प्रवाशाची मुलगी आणि सहप्रवासी

सोबत : तिकीट व बोर्डिंग पास, खुर्चीचा टॅग, नुकसानीचा अहवाल, प्रवासापूर्वीचे व नंतरचे फोटो, खुर्चीची खरेदी पावती व मोजमापपत्र, डॉक्टरांची नोंद