मेघनाच्या निरोपाचं जेवण शुक्रवारी, १४ तारखेलाच!

मंडळी, तारीख पक्की झाली. शुक्रवार १४, दुपारी १ वाजता, ऑफिससमोरच्या नेहमीच्या ठिकाणी, वरच्या मजल्यावर. गुरुवार बाद, कारण त्या दिवशी डेमो आहे आणि निम्मी टीम घड्याळाकडे बघत जेवेल. मेघनाने १४ ला "दुपार मोकळी आहे" असं सांगितलंय, बाकी तिला काही माहीत नाही. म्हणून हा वेगळा ग्रुप. कृपया चुकून मेन ग्रुपवर रिप्लाय देऊ नका (समीर, तुलाच म्हणतेय).

वर्गणी प्रत्येकी ५००. त्यात जेवण आणि भेट दोन्ही. ऑनलाइन माझ्या नंबरवर पाठवा, बुधवार संध्याकाळपर्यंत, आणि सोबत नाव लिहा. मागच्या वेळी तीन जणांनी नाव न लिहिता पैसे टाकले नि मी दोन दिवस हिशेब जुळवत बसले. इंटर्न मंडळींनी काही द्यायचं नाही, फक्त यायचं. कुणाला या महिन्यात ओढाताण असेल तर मला वेगळा मेसेज करा, ते माझ्यापाशीच राहील.

भेट म्हणून चांगला मग घ्यावा असं मला वाटतं. कान तुटलेल्या त्या निळ्या मगातून ती तीन वर्षं चहा पितेय, बघवत नाही. आणखी काही सुचत असेल तर उद्यापर्यंत बोला.

कार्ड रोहिणीताईंच्या ड्रॉवरमध्ये आहे. नुसती सही नको, दोन ओळी तरी लिहा.

येणाऱ्यांनी इथेच 👍 द्या. टेबल सांगायचंय, मंगळवारी आकडा हवा. आतापर्यंत नऊ.