विषय: डिसेंबर 2025 चे रिटेनर बिल आणि 1 जानेवारी 2026 पासूनचे नवे शुल्क

सुजाता मॅडम, नमस्कार.

डिसेंबरचे बिल सोबत जोडले आहे. नोव्हेंबरच्या कामाचा तासांचा तक्ताही दिला आहे. या मेलमध्ये आणखी एक विषय आहे: जानेवारीपासून माझे मासिक शुल्क वाढते आहे. तो भाग बिलाच्या खाली सविस्तर लिहिला आहे. आज वेळ नसेल तर बिल तेवढे लेखा विभागाकडे पाठवा आणि उरलेले या आठवड्यात सवडीने वाचा. पण वाचा नक्की, कारण त्यात एक निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे.

बिलाचा तपशील

बिल क्रमांक: 2025-26/09
बिलाची तारीख: 1 डिसेंबर 2025
कामाचा कालावधी: 1 ते 31 डिसेंबर 2025

मासिक रिटेनर, मराठी मजकूर संपादन व मुद्रितशोधन (20 तास, जुन्या दराने): ₹28,000
शेतकरी मेळाव्याची पुस्तिका, जादा काम (नोव्हेंबरमधले 6 तास × ₹1,400): ₹8,400
एकूण: ₹36,400
वजा टीडीएस 10 टक्के: ₹3,640
खात्यात जमा होणारी रक्कम: ₹32,760
भरणा करण्याची मुदत: 16 डिसेंबर 2025

पुस्तिकेच्या सहा तासांना तुम्ही 12 नोव्हेंबरच्या मेलमध्ये होकार दिला होता. तो मेल बिलाच्या मागे जोडला आहे, म्हणजे सावंतसाहेबांना तुमच्याकडे पुन्हा विचारावे लागणार नाही. माझी वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असल्यामुळे जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे बिलात जीएसटी आकारलेला नाही. बँक खाते तेच आहे, तपशील बिलावर आहे.

नोव्हेंबरचे पैसे 14 तारखेलाच जमा झाले, त्याबद्दल आभार. सावंतसाहेबांकडून एकच गोष्ट हवी आहे: जुलै ते सप्टेंबर तिमाहीचा फॉर्म 16ए अजून आलेला नाही. कापलेली रक्कम 26एएसमध्ये दिसते आहे, म्हणजे भरणा झालेला आहे. फक्त प्रमाणपत्र मेलवर पाठवायला सांगाल का?

1 जानेवारी 2026 पासूनचे शुल्क

सध्याचे शुल्क महिन्याला 20 तासांचे ₹28,000 आहे. 1 जानेवारीपासून ते 25 तासांचे ₹38,000 होईल. डिसेंबरला जुनाच दर लागू आहे. नव्या दराचे पहिले बिल 1 जानेवारीला येईल. दरबदल किमान 30 दिवस आधी लेखी कळवायचा, असे आपल्या करारात ठरले आहे. त्याप्रमाणे हा मेल म्हणजेच ती लेखी सूचना समजावी.

महिन्याला दहा हजारांची वाढ ही मोठी रक्कम आहे, हे मला माहीत आहे. म्हणून ती कुठून आली ते उघड करून सांगते. वाढीचे दोन भाग आहेत. तासाचा दर ₹1,400 वरून ₹1,520 होतो आहे, म्हणजे साधारण साडेआठ टक्के. आपला करार 1 जानेवारी 2024 पासूनचा आहे आणि या दोन वर्षांत मी दराला हात लावलेला नाही. उरलेली वाढ तासांची आहे, आणि मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचे आहे.

करार केला तेव्हा काम एवढेच होते: महिन्याला सात-आठ पत्रके यायची आणि मी शुद्धलेखन, वाक्यरचना बघून परत पाठवायची. आता पत्रकांसोबत विक्रेत्यांना जाणारे व्हॉट्सअॅप संदेश येतात, व्हिडिओच्या संहिता येतात आणि हेल्पलाइनवरच्या ठरलेल्या उत्तरांचा मसुदाही माझ्याकडेच येतो. यातले एकही काम मी नाइलाजाने केलेले नाही. हेल्पलाइनचे काम तर मला मनापासून आवडते, कारण शेतकरी नेमके काय विचारतात आणि कोणत्या शब्दांत विचारतात ते तिथे कळते. "पेरणीनंतर 45 दिवसांनी" असे आपण छापतो आणि फोनवरचा माणूस विचारतो, "पाते लागल्यावर मारायचे की फुलं आल्यावर?" तेव्हापासून मी दिवसांच्या आकड्याशेजारी पिकाची अवस्था लिहायचा आग्रह धरते आहे. तुमच्या कृषितज्ज्ञांनी तो मान्य केला, याचे मला समाधान आहे.

पण तास वाढले. पुस्तिकेचे काम सोडून ऑगस्टमध्ये 27, सप्टेंबरमध्ये 29, ऑक्टोबरमध्ये 33 आणि नोव्हेंबरमध्ये 31 तास लागले. ठरलेल्या वीसच्या वर चार महिन्यांत 40 तास गेले. त्या चाळीस तासांचे पैसे मी मागत नाही. ते त्या त्या महिन्यात सांगायला हवे होते, मी सांगितले नाही, तो विषय तिथेच संपला. पुढच्या वर्षी मात्र असे चालवता येणार नाही. कारण पैशांपेक्षा कामाचे आहे. वीस तासांत तीस तासांचे काम बसवायचे तर कुठेतरी दुसरे वाचन गाळावे लागते, आणि तुमच्या मजकुरात गाळायला नको ते नेमके दुसरे वाचनच आहे.

ऑगस्टमधले कपाशीचे पत्रक तुम्हाला आठवत असेल. इंग्रजी मूळ फाइलमध्ये मात्रा एका लिटर पाण्याला 2 मिली अशी होती. माझ्याकडे आलेल्या मराठी मसुद्यात "प्रति पंप 2 मिली" असे होते. पहिल्या वाचनात ते माझ्याही नजरेतून सुटले, कारण वाक्यात चूक काहीच नव्हती. रात्री साडेनऊला छापायला जाण्याआधी मूळ फाइल शेजारी ठेवून आकडे एकेक करून ताडून पाहिले तेव्हा लक्षात आले. 15 लिटरच्या पंपाला 30 मिली लागते, आपण 2 मिली छापणार होतो, म्हणजे पंधराव्या हिश्श्याइतके औषध. शेतकऱ्याने पत्रकाप्रमाणे फवारले असते, कीड तशीच राहिली असती, फवारणीचा दिवस आणि मजुरी दोन्ही वाया गेले असते. तुम्ही त्याच रात्री छपाई थांबवलीत, सकाळी तज्ज्ञांनी आकडा पक्का केला आणि पाच हजार प्रती वाचल्या. ते ताडून पाहणे मला प्रत्येक पत्रकाला करायचे आहे. नव्या तासांत ते धरलेले आहे.

प्रत्यक्षात तीस तास लागत असताना मी पंचवीसच का मागते, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कारण सध्याचे काही तास खरोखर वाचवता येण्यासारखे आहेत. सप्टेंबरमध्ये एकच पत्रक माझ्याकडे पाच वेळा आले: "अंतिम", मग "अंतिम 2", मग "अंतिम नवे". प्रत्येक वेळी बदल दोन-तीन ओळींचा होता, पण कोणत्या ओळींचा ते सांगितलेले नव्हते, त्यामुळे मला पाचही वेळा पूर्ण वाचावे लागले. जानेवारीपासून एवढे पाळता आले तर पंचवीस तासांत सगळे नीट बसेल: इंग्रजी मजकूर तज्ज्ञांनी पक्का केल्यावरच मराठी मसुदा माझ्याकडे यावा, त्यासोबत मूळ फाइलही यावी आणि मजकुरात बदल झाला तर बदललेल्या ओळी रंगवून पाठवाव्यात. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या शुल्कात धरल्या आहेत. तिसऱ्या फेरीपासूनचा वेळ तासांत मोजला जाईल.

पंचवीसच्या वर तास जाणार असे दिसले तर मी आधी विचारेन. तुमचा लेखी होकार आल्यावरच जादा काम हाती घेईन आणि त्याला तोच ₹1,520 चा दर लागेल. विसावा तास संपला की मी मेल करून कळवेन, म्हणजे महिनाअखेरीस दोघींनाही धक्का बसायला नको.

पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये ₹38,000 बसत नसतील तर दुसरा पर्याय आहे. तास वीसच ठेवू, नव्या दराने ते ₹30,400 होतील. मग मी पत्रके आणि हेल्पलाइनचा मसुदा एवढेच घेईन. व्हॉट्सअॅप संदेश आणि व्हिडिओच्या संहिता तुम्हाला दुसरीकडे द्याव्या लागतील. असे ठरले तर ज्यांच्याकडे ते काम जाईल त्यांना मी एक तास बसून आपली शब्दसूची समजावून सांगेन, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आपण कुठे "कीटकनाशक" लिहितो, कुठे "औषध" लिहितो आणि "फवारा" व "फवारणी" यात कसा फरक करतो, हे दोन ठिकाणी दोन तऱ्हेने जायला लागले तर विक्रेत्यांचा गोंधळ होईल.

माझे मत विचाराल तर पहिला पर्याय घ्यावा. हेल्पलाइन आणि पत्रके एकाच नजरेखालून गेली तर फोनवर एक उत्तर आणि कागदावर दुसरे, असे होत नाही. पण बजेट तुमचे आहे. दुसरा पर्याय निवडलात तरी उरलेल्या कामात काही कमी पडणार नाही.

दोन्हीपैकी काय ते 15 डिसेंबरपर्यंत याच मेलला उत्तर देऊन कळवा. त्यावरून मी कराराची एक पानाची पुरवणी तयार करेन आणि 20 तारखेपर्यंत सहीसाठी पाठवेन. बोलायचे असेल तर बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी तीननंतर मी मोकळी आहे. वरिष्ठांना दाखवायला तासांचा महिनावार हिशेब लागणार असेल तर ऑगस्टपासूनचा तक्ता सोबतच्या फाइलच्या दुसऱ्या पानावर आहे.

या सगळ्यात डिसेंबरचे काम थांबलेले नाही. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे पत्रक आज दुपारी दुरुस्त होऊन येईल. त्यात फुलोऱ्याच्या अवस्थेबद्दल एक शंका आहे, ती समासात लिहिली आहे, तेवढी तज्ज्ञांना दाखवा. उन्हाळी भुईमुगाचा मसुदा 10 तारखेपर्यंत माझ्याकडे आला तर पेरणीच्या आधी छापून विक्रेत्यांकडे पोहोचवण्याइतका वेळ हाती राहील. त्याहून उशीर झाला तर घाईत वाचावे लागेल, आणि त्या पत्रकात बीजप्रक्रियेचे आकडे बरेच आहेत.

आपली,
मेधा

सोबत: 1. बिल क्रमांक 2025-26/09 (12 नोव्हेंबरच्या मेलच्या प्रतीसह) 2. तासांचा तक्ता, ऑगस्ट ते नोव्हेंबर 2025
प्रत: सावंतसाहेब, लेखा विभाग (फक्त बिल आणि फॉर्म 16ए संबंधी)